सत्तावीसशे रुपये गेले कुठे?

ट्रायल बॅलन्स जुळत नाही हे रात्री साडेदहाला कळणं आणि दुपारी साडेतीनला कळणं यात फरक असतो. साडेतीनला माणूस चहा पिऊन येतो, साडेदहाला चहावाला पण शटर ओढून गेलेला असतो. आमचं हे साडेदहाला झालं आणि सकाळी अकराला अकाउंट्सच्या प्रोजेक्टचं सबमिशन. जर्नल लिहून झालेलं, सगळी लेजर अकाउंट्स बॅलन्स केलेली, फक्त ते बॅलन्स एका पानावर डेबिट-क्रेडिटमध्ये उतरवायचे होते. मी लेजर वाचत होतो आणि पार्टनर लिहीत होता. डेबिट आलं 4,86,350 आणि क्रेडिट 4,83,650.

पार्टनर एकदम खूश. म्हणे, "अरे बघ, सहा आणि तीन उलटे झालेत फक्त! बेरीज लिहिताना चुकलंय, क्रेडिट खोड आणि वरचाच आकडा लिही." मलाही क्षणभर पटलं, खोटं कशाला बोलू. पण वरून खाली केलेली बेरीज खालून वर करून बघितली (तोच माणूस त्याच दिशेने परत करतो तेव्हा तीच चूक परत करतो, म्हणून उलटी करायची) तर दोन्ही आकडे तेच. म्हणजे सत्तावीसशेचा घोळ खरोखर होता.

मग सुरू झाली शोधाशोध. आधी लेजरमध्ये 2,700 चा एखादा क्रेडिट बॅलन्स उतरवायचाच राहिलाय का ते बघितलं. नाही. मग अर्ध्याची ट्रिक. एखादी रक्कम चुकून दुसऱ्याच बाजूला गेली की फरक तिच्या दुप्पट पडतो, म्हणून फरक निम्मा करायचा आणि ती रक्कम शोधायची. 1,350. आणि सापडली की हो! डिस्काउंट रिसीव्हड, 1,350! पार्टनरने तर वहीचा मुका घ्यायचा बाकी ठेवला. हे आपलं उत्पन्न, याची जागा क्रेडिटला, डेबिटला गेलं असेल तर हिशोब चोख बसत होता. पान उलटून बघतो तर आधीपासून क्रेडिटलाच, अगदी शहाण्या मुलासारखं बसलेलं. इतका राग मला कधी बरोबर उत्तराचा आला नव्हता.

"सस्पेन्सला टाक ना," पार्टनर म्हणाला. ट्रायल जुळेना की फरक सस्पेन्स अकाउंटला टाकून पुढे जायचं आणि चूक सापडली की ते बंद करायचं, एवढं आम्हाला माहीत होतं. पण सरांनी आधीच सांगितलेलं, प्रोजेक्टमध्ये सस्पेन्स दिसलं की वही परत.

राहिला नऊचा नियम. 2,700 ला नऊने भाग जातो, म्हणजे कुठेतरी दोन आकड्यांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता जास्त. हे का होतं तर हजार आणि शेकड्याचे आकडे उलटे लिहिले की फरक नेहमी नऊशेच्या पटीत येतो, आणि 2,700 म्हणजे नऊशे गुणिले तीन. म्हणजे हजार आणि शेकड्याच्या आकड्यात तीनचा फरक असलेली रक्कम शोधायची. एखादं शून्य जास्त पडलं तरी नऊने भाग जातो, 300 चे 3,000 झाले तरी फरक 2,700 च, म्हणून आधी पोस्टेजचे 300 बघितले, ते बिचारे जागच्या जागी होते. आता सगळं लेजर वाचायची गरज नव्हती, डोळे फक्त आकड्यांच्या जोड्या बघत होते. भाडं 12,000, नाही. जाहिरात 6,500, नाही. पगार 17,400. सात आणि चार! लेजरमध्ये बघितलं तर 14,700.

"तू सतरा चारशे म्हणालास," पार्टनर म्हणाला.
"मी चौदा सातशे म्हणालो."
हा वाद आजही मिटलेला नाही, मिटणारही नाही. पण 17,400 खोडून 14,700 लिहिले आणि दोन्हीकडे 4,83,650 आले. पार्टनरने लगेच खाली डबल रेघ मारली, मी सांगेपर्यंत थांबलाच नाही.

बॅग भरताना त्याला आठवलं. "ए, ते मशीनच्या रिपेअरिंगचे 2,500 होते ना, ते मी मशिनरी अकाउंटलाच टाकले, चालतं ना?"

चालत नाही. तो खर्च आहे, तो नफ्यातून वजा व्हायचा, मशीनची किंमत वाढवायची नाही. पण मशिनरीपण डेबिट आणि रिपेअर्सपण डेबिट, त्यामुळे ट्रायल बॅलन्सला त्याचा पत्ताच लागत नाही, बेरीज तीच राहते. म्हणजे आता जर्नलची एंट्री, दोन लेजर अकाउंट्स आणि नुकतीच डबल रेघ मारलेलं पान, सगळं पुन्हा. घड्याळात पावणेतीन वाजले होते.

"टॅली होतोय ना?" मी विचारलं.
"होतोय."
"मग झोप."