दूध आण, पण कोड नको

मागच्या महिन्यात मी नंबर पोर्ट केला, कारण जुन्या कंपनीचं नेटवर्क आमच्या बेडरूममध्ये फक्त खिडकीबाहेर हात काढल्यावर यायचं. 1900 वर PORT लिहून पुढे नंबर टाकला तर आठ अक्षरांचा कोड दहा सेकंदात हजर, आणि तीन-चार दिवसांत नवीन सिम चालू. सोडून जायचा कोड इतक्या तत्परतेने मिळतो हे बघून मला उगाच भरून आलं होतं.

शनिवारी रात्री नवीन फोनवर गेम उघडला तर म्हणे, हे डिव्हाइस आम्ही ओळखत नाही, नंबरवर सहा आकडी कोड पाठवलाय. नऊ वाजता गिल्डची रेड, मी टँक, म्हणजे मार खायला सगळ्यात पुढे मीच लागतो. कोड आला नाही. रीसेंड दाबलं, नाही आला. फोन बंद-चालू केला, सिम काढून शर्टाला पुसून परत घातलं (हे का करतात कुणालाच माहीत नाही, पण सगळे करतात), परत रीसेंड. पाचव्या वेळी स्क्रीन म्हणाली, खूप प्रयत्न झाले, 24 तासांनी या. गिल्डच्या ग्रुपवर 'दादा कुठेयस' सुरू झालं होतं, आणि दादा दारातच उभा.

कस्टमर केअरवाला म्हणाला, "सर, फोन रीस्टार्ट करून बघा." म्हटलं, बाबा रे, तो आता मला रीस्टार्ट करायला लागलाय. मग बायकोला म्हटलं, मला साधा एसएमएस कर, व्हॉट्सॅप नको. लगेच टिंग, "दूध आण". बँकेचा ओटीपी मागवला, तोही आला. म्हणजे फोन ठीक, सिम ठीक, इनबॉक्स ठीक, आणि फक्त गेमवाल्यांचाच मेसेज रस्ता चुकतोय. ही टेस्ट आधी केली असती तर सिम पुसायचे कष्ट वाचले असते.

आमच्या गिल्डचा हीलर टेलिकॉममध्ये आहे, त्याने समजावलं. पूर्वी नंबरचे सुरुवातीचे आकडे बघून कंपनी कळायची. 2011 मध्ये देशभर पोर्टिंग आलं आणि तो हिशोब संपला, आता हा नंबर सध्या कुणाकडे नांदतोय ते यादीत बघावं लागतं. बायकोचा मेसेज तिची कंपनी पाठवते, ती ताजी यादी बघते. गेमवाले मात्र स्वतः मेसेज पाठवत नाहीत, ते परदेशातल्या एखाद्या घाऊक मेसेजवाल्याला देतात, तो त्याहून स्वस्तातल्याला देतो, आणि या साखळीत कुणीतरी जुनी यादी उराशी धरून बसलेला असतो. तो कोड घेऊन माझ्या जुन्या कंपनीच्या दारात जातो, ते म्हणतात असा माणूस इथे राहत नाही, की कोड तिथेच मेला. गेमच्या स्क्रीनवर मात्र 'पाठवला'. आणि तो खोटं बोलत नाही, पाठवलाच होता, पोचला नाही एवढंच!

"मग थांबू का?"

"थांब, नाहीतर कॉल मागव. कॉलचा रस्ता वेगळा असतो, बऱ्याचदा येतो."

रविवारी रात्री लॉक सुटल्यावर रीसेंडच्या खाली, राखाडी रंगात, नखाएवढ्या अक्षरांत खरंच 'कॉल करा' होतं. दाबलं. काहीच नाही. दहा मिनिटांनी बघतो तर मिस्ड कॉल, कारण अनोळखी नंबर सायलेंट करायची सेटिंग मीच लावून ठेवली होती, कर्जवाल्यांच्या त्रासाने. ती काढून परत मागवला. एक बाई अमेरिकन सुरात आकडे भराभर म्हणाल्या, मी पेन शोधेपर्यंत संपलं, पण त्या बिचाऱ्या दुसऱ्यांदाही म्हणाल्या. दुधाच्या बिलामागे लिहून घेतले, आणि घुसलो एकदाचा.

आत गेल्यावर पहिलं काम ऑथेंटिकेटर ॲप जोडलं. त्यात एकदा क्यूआर स्कॅन केला की एक गुप्त किल्ली फोनमध्ये बसते, मग ती किल्ली आणि घड्याळ यांच्यावरून फोन स्वतःच दर 30 सेकंदांनी नवीन सहा आकडे बनवतो, कुणी काही पाठवायचंच नाही. एअरप्लेन मोडवर टाकून बघितलं, चालतं. फक्त फोनचं घड्याळ पुढेमागे असेल तर आकडे चुकतात. फोनच हरवला तर म्हणून बॅकअप कोड कागदावर लिहून तांदळाच्या डब्यात ठेवले. म्युनिकला चाललेल्या मावसभावालाही लगेच फोन करून सांगितलं की निघायच्या आधी हे जोड, तिथे गेल्यावर इथल्या सिमची व्हॅलिडिटी संपली किंवा रोमिंग चालू करायचं राहिलं तर कोडची वाट बघत बसशील. तो म्हणाला, "मी गेम खेळतच नाही." बरं.

एवढं सगळं आटपून विजयी मुद्रेने स्वयंपाकघरात गेलो. बायको रिकामं पातेलं हातात घेऊन उभी.

"काल माझा मेसेज पोचला होता ना?"