बेळगावहून कोल्हापूर, पावसाळ्यात

"पाऊस आहे, कोल्हापूरला पोचायला किती वेळ धरू?" जुलै लागला की हा प्रश्न सुरू होतो, आणि उत्तर ठरलेलं: "अर्धा-पाऊण तास जास्त धर." माझ्या मते हे उत्तर अर्धंच आहे.

कोरड्या दिवशी एकशे दहा किलोमीटरला दोन तास पुरतात. मुसळधार पावसात सरासरी पंचेचाळीसवर आली तर अडीच तास. तवंदी घाटात धुकं असलं की सगळे घाबरतात, पण हिशेब करून बघा. सहा किलोमीटर सत्तरऐवजी तीसने गेलात तर पाचाऐवजी बारा मिनिटं लागतात. धुक्यात जपून चालवायचं ते जिवासाठी, वेळ त्यात फारसा जात नाही.

खरी गोम निपाणीच्या पुढे यमगर्णीला आहे. तिथं वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं की आधी एकाच बाजूने दोन्हीकडची वाहतूक सोडतात, ट्रकांची रांग लागते, आणि पाणी आणखी चढलं की रस्ताच बंद. 2019 आणि 2021 मध्ये बंद झाला तेव्हा तासांचा हिशेब उरलाच नव्हता. अशा वेळी "जास्तीत जास्त किती?" हे विचारण्यात अर्थ नसतो.

मग लोक म्हणतात, आतल्या रस्त्याने जाऊ. कुठल्या? निपाणीहून कोल्हापूरला कसंही जा, वेदगंगा आणि दूधगंगा ओलांडावीच लागते. आतले पूल महामार्गापेक्षा बुटके, ते आधीच बुडालेले असतात. जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ ही नावं पेपरात दरवर्षी येतात, आणि आपण ती 'त्या गावांची अडचण' म्हणून पान उलटतो. खरं तर ती महामार्गावरून जाणाऱ्यांसाठी आगाऊ सूचना आहे.

दुसरं म्हणजे निपाणीचं आभाळ बघून काही कळत नाही. वेदगंगा येते भुदरगडच्या डोंगरातून, पाटगाव धरणाकडून. वर रात्रभर कोसळलेला पाऊस खाली यायला वेळ घेतो, त्यामुळे निपाणीत ऊन पडलेलं असताना यमगर्णीत पाणी चढत असतं. मोबाईलच्या नकाशातला वेळ आत्ता धावणाऱ्या गाड्यांवरून निघतो. तुम्ही तिथं पोचाल तेव्हा पाणी कुठे असेल, हे त्याला काय ठाऊक?

म्हणून निघण्याआधी मी निपाणीकडच्या पाहुण्यांना फोन करून एवढंच विचारतो: जत्राटचा पूल उघडा आहे का, आणि पाणी चढतंय की उतरतंय? पूल उघडा असेल तर अडीच तास धरून निघायचं. पूल बुडालाय पण पाणी उतरतंय, तर यमगर्णीच्या रांगेसाठी तासभर वेगळा ठेवायचा. पूल बुडालाय, पाणी चढतंय आणि भुदरगडात पाऊस थांबलेला नाही, तर कितीही महत्त्वाचं लग्न असो, निघायचं नाही. परतताना पाणी आणखी वर असेल आणि मुक्काम तिकडेच पडेल.

पुढे पुण्याला जायचं असेल तर शिरोलीला पंचगंगाही आहे. तिच्यासाठी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची: 39 फूट इशारा, 43 फूट धोका.