परदेशातून : द्राक्षाच्या डब्यावरचा कार्बन आणि मोटारीचे तास

«इंग्लंडच्या खरेदीदाराने यंदा द्राक्षाच्या किलोमागे कार्बनचा आकडा मागितलाय. आम्ही एवढ्या लांबून माल पाठवतो, म्हणजे आमचा आकडा स्पेनपेक्षा मोठाच येणार. मग तो देऊन आपल्याच पायावर धोंडा का पाडून घ्यायचा?»
— निफाड तालुक्यातील एक बागायतदार

आधी स्पेनचं बघू. मार्चमध्ये इंग्लंडच्या दुकानात स्पेनची ताजी द्राक्षं नसतातच, त्यांचा हंगाम उन्हाळ्यापासून पुढे. नाशिकच्या मालाशेजारी तेव्हा दक्षिण आफ्रिका आणि चिली असतात, आणि तेही समुद्रानेच येतात. तुलना करायचीच तर त्यांच्याशी.

आता अंतर. कंटेनरच्या जहाजाने एक टन माल एक किलोमीटर नेला की साधारण १६ ग्रॅम कार्बन धरतात. न्हावाशेवा ते इंग्लंड सुएझमार्गे अंदाजे १२ हजार किलोमीटर, म्हणजे किलोमागे १९० ग्रॅमच्या आसपास. त्यात कंटेनर थंड ठेवण्याची वीज वेगळी धरायची. विमानाला हाच दर टन-किलोमीटरला ६०० ग्रॅम ते एक किलो धरला जातो. उंचावरच्या धुराचा जादा परिणाम मोजायचा की नाही, यावर ते ठरतं. मुंबई-लंडन ७२०० किलोमीटर धरले तर किलोमागे सव्वाचार ते सव्वासात किलो. त्यामुळे विमानाने येणाऱ्या हापूसचा आणि जहाजाने येणाऱ्या द्राक्षाचा हिशेब एका पानावर मांडूच नये. आकडा फुगवतं ते वाहन, निव्वळ अंतर नव्हे.

बागेचा हिशेब मात्र किचकट आहे. उदाहरणाला दोन एकर बाग घेऊ. वीस टन माल, त्यातला सोळा टन निर्यातीचा आणि चार टन स्थानिक बाजारात. पाच एचपीची मोटार तासाला ४.७ युनिट खाते. ती वर्षात ६०० तास चालली तर २८२० युनिट. आपल्या ग्रिडची वीज अजून मुख्यतः कोळशाची, युनिटमागे सुमारे ७२० ग्रॅम. म्हणजे २०३० किलो कार्बन, आणि वीस टनांवर वाटला की किलोमागे १०० ग्रॅम. फवारणीच्या ब्लोअरला आणि बाकीच्या कामाला ३०० लिटर डिझेल लागलं, तर लिटरला २.७ किलोप्रमाणे ८१० किलो, किलोमागे ४० ग्रॅम. नत्र १२० किलो घातलं, तर त्यातला साधारण एक टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने उडतो. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. तेवढ्यानेच ५१५ किलो होतात, किलोमागे २६ ग्रॅम. खत कारखान्यात बनताना झालेला धूर वेगळा.

आता मोटारीकडे परत येऊ, कारण खरी गंमत तिथेच आहे. हे ६०० तास आले कुठून? महाराष्ट्रात अजूनही कितीतरी शेतीपंपांना मीटर नाही, त्यांचा वापर एचपीवरून धरला जातो. त्यातून ऑटो स्विच लावलेला, वीज आली की मोटार आपोआप सुरू, मग पाणी हवं असो वा नसो. हिशेब करणारा सल्लागार येतो, विचारतो, «रोज किती तास?» उत्तर मिळतं, «असेल दीड-दोन.» तास प्रत्यक्षात १२०० निघाले, तर किलोमागे १०० ऐवजी २०० ग्रॅम होतात. म्हणजे विहिरीवर न मोजलेली एकच गोष्ट सागरी प्रवासाच्या निम्म्याहून जास्त वर-खाली होऊ शकते. बागायतदाराने आकडा दिला नाही, तर खरेदीदार तक्त्यातून भारतासाठीचा सर्वसाधारण आकडा उचलतो. तुमचं ठिबक, तुमची पाळी त्याला दिसत नाही. धोंडा असेल तर तो इथे आहे.

पॅकहाउस चालवणाऱ्या एका वाचकाने मध्ये आपलंच घोडं पुढे दामटलं होतं: «आमच्या छपरावर सोलर आहे, मग आमची वीज शून्य लावा.» दिवसा पॅनेलवरून थेट वापरलेली वीज जवळपास शून्य धरता येते, हे बरोबर. पण प्रीकूलिंगचा मोठा भार संध्याकाळनंतर पडतो, दिवसभरची तोडणी तेव्हा आत येते. ती वीज ग्रिडची. दिवसा ग्रिडला दिलेली युनिटं रात्रीच्या वापरातून वजा करायची का, यावर हिशेबनीसांचंच एकमत नाही.

त्याच पॅकहाउसमध्ये आणखी एक गोष्ट हमखास सुटते. जुन्या कोल्ड रूममध्ये आर-४०४ए गॅस असतो. त्याचा एक किलो निसटला की जवळपास ३.९ टन कार्बनएवढं तापवतो. हंगामात पाच किलो टॉप-अप झाला आणि २५० टन माल आतून गेला, तर किलोमागे ७८ ग्रॅम वाढले. वीजबिलात ही गळती दिसत नाही. एसीवाल्याच्या पावत्या काढा, किती सिलिंडर भरले ते मोजा. पावतीवर गॅस शून्य आणि कॉम्प्रेसर दरवर्षी दुरुस्त, असं असेल तर पावत्या अपुऱ्या आहेत, असं समजावं.

मग वाटणी. वरचे २०३०, ८१० आणि ५१५ मिळून ३३५५ किलो. वजनाने वाटले तर प्रत्येक किलोवर १६८ ग्रॅम. किमतीने वाटायचे ठरवले आणि निर्यातीचा भाव ९० रुपये, स्थानिक ३५ असा धरला, तर निर्यातीच्या किलोवर १९१ ग्रॅम. दोन्ही पद्धती चालतात. चालत नाही ती एकच गोष्ट: यंदा वजन, पुढच्या वर्षी किंमत, आणि मग «आम्ही कार्बन घटवला» असं छापणं.

घरच्या चर्चेत याला सरसकट «युरोपची नवी जकात» म्हणतात. हे अर्धं खरं. युरोपची सीमेवरची कार्बन आकारणी आहे, पण ती पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज यांच्यावर. द्राक्षावर नाही. द्राक्षाचा आकडा मागतो तो दुकानदार, त्याच्या स्वतःच्या अहवालासाठी.

आणि इथल्या शेल्फवरून एक सांगावंसं वाटतं: छापील आकड्याची इतकी धास्ती नको. इंग्लंडमधल्या वॉकर्स कंपनीच्या वेफर्सच्या पुडीवर २००७ साली ३४.५ ग्रॅममागे ७५ ग्रॅम असा आकडा आला. ७५ म्हणजे जास्त की कमी, ते गिऱ्हाईकाला कळायला मार्ग नव्हता. टेस्को या दुकानसाखळीने त्याच वर्षी आपल्या ७० हजार वस्तूंवर असे आकडे लावायचं जाहीर केलं आणि २०१२ मध्ये बेत सोडला. एकेका वस्तूच्या हिशेबाला महिने लागत होते. पण वॉकर्सच्या हिशेबात एक गोष्ट हाती लागली. बटाटा वजनावर विकत घेतला जाई, म्हणून शेतकरी तो ओलसर ठेवत, आणि तेच पाणी तळताना उडवायला कारखाना इंधन जाळत होता. कोरड्या घटकावर भाव देण्याची वाट त्यातून निघाली.

निफाडला तशी गोष्ट कदाचित ऑटो स्विच असेल. मोटारीवर तास मोजणारं मीटर लावायला फारसा खर्च नाही. अडचण वेगळी आहे. त्यातून निघणारा आकडा पुढे वीजबिलासाठी वापरला जाईल, ही भीती गावागावात आहे, आणि ती निराधार म्हणणं मला जमत नाही.