‘प्रति जीबी स्वस्त’ प्लॅन खिशाला महाग का पडतो

गेले काही महिने सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर हा मजकूर फिरतो आहे:

“रिचार्ज करण्याआधी एक साधं गणित करा. प्लॅनच्या किमतीला एकूण जीबीने भागा, ज्याचा प्रति जीबी दर कमी तोच घ्या. वर्षाचा प्लॅन नेहमी सगळ्यात स्वस्त. आणि घरी ३९९ चं वायफाय घेतलंत की सगळ्यांच्या मोबाईलचा डेटा बंद करून फक्त कॉलिंगचा प्लॅन ठेवा. घराचं बिल निम्मं होतं!”

यातला प्रत्येक मुद्दा ऐकायला बरोबर वाटतो, म्हणूनच तो पुढे ढकलला जातो. आकडे घालून बघू. उदाहरणाला जिओचे दर घेतो, जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जाहीर झालेले. तुमची कंपनी वेगळी असेल किंवा दर बदलले असतील तर आकडे बदला, रीत तीच राहते.

पहिला मुद्दा: भागाकार जीबीने की दिवसाने?

२८ दिवसांचे तीन प्लॅन समोर ठेवा. १८९ रुपयांत पूर्ण मुदतीला मिळून २ जीबी, २९९ मध्ये रोज दीड जीबी, ३४९ मध्ये रोज २ जीबी. मेसेजमधल्या गणिताने पहिल्याचा एक जीबी साडेचौऱ्याण्णव रुपयांना पडतो, दुसऱ्याचा सात रुपयांच्या आसपास आणि तिसऱ्याचा सव्वासहा रुपयांना. म्हणजे ३४९ चा जिंकला. पण ज्या माणसाला महिन्याला दीड जीबी पुरतो, त्याच्या खिशातून १६० रुपये जास्त गेले आणि हातात आला तो न वापरलेला डेटा.

रोजच्या कोट्याचा डेटा रात्री बारा वाजता संपतो, दुसऱ्या दिवशीच्या खात्यात जमा होत नाही. काही प्लॅनमध्ये उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरता येतो, पण तो अपवाद. रोज दोन लिटर दुधाचा रतीब लावायचा, दीड लिटर ओतून द्यायचं आणि लिटरमागे स्वस्त पडलं म्हणायचं, असा हा हिशोब आहे.

म्हणून किमतीला भागायचं ते मुदतीच्या दिवसांनी. १८९ चा प्लॅन दिवसाला पावणेसात रुपये, २९९ चा १० रुपये ६८ पैसे, ३४९ चा साधारण साडेबारा रुपये. यातला सगळ्यात कमी दिवसदराचा, पण तुमची गरज भागवणारा प्लॅन तो तुमचा.

आता गरज मोजायची कशी? बहुतेक जण फोनच्या सेटिंगमध्ये महिन्याचा एकूण वापर बघतात आणि तिथेच फसतात. पहिली गोष्ट, तिथे मोबाईल डेटा आणि वायफाय वेगवेगळे दाखवतात. बघायचा तो फक्त मोबाईल डेटा. दुसरी गोष्ट, एकूण आकडा रोजच्या कोट्याबद्दल काहीच सांगत नाही. महिन्याला २० जीबी वापरणाऱ्याला रोज दीड जीबी म्हणजे ४२ जीबी भरपूर वाटेल, पण तोच माणूस रविवारी क्रिकेटची मॅच मोबाईलवर बघत असेल तर रविवारी दुपारीच त्याचा डेटा संपतो.

याला सोपा उपाय तुमच्या मेसेजच्या इनबॉक्समध्येच पडलेला आहे. रोजचा डेटा अर्धा संपला, ९० टक्के संपला, पूर्ण संपला की कंपनीचा मेसेज येतो. मागच्या २८ दिवसांतले हे मेसेज चाळा. ‘पूर्ण संपला’ हा मेसेज एकदाही नसेल आणि ‘९० टक्के’वाला एखाददुसराच असेल, तर एक पायरी खाली उतरायला हरकत नाही. पूर्ण संपल्याचे मेसेज असतील तर त्यांची वेळ बघा. रात्री साडेअकराला संपत असेल तर ती अडचण नव्हे. दुपारी तीनला संपत असेल तर मात्र प्लॅन अपुरा आहे, कारण पुढे वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगात व्हॉट्सॲपवरचा मजकूर कसाबसा जातो, व्हिडिओ चालत नाही आणि दुकानात पैसे देताना यूपीआयचं चक्र फिरत राहतं.

एका ठिकाणी मात्र महागडी पायरी खरंच फायद्याची ठरते. जिओवर अमर्याद फाइव्ह-जी रोज २ जीबी आणि त्यापुढच्या प्लॅनवरच मिळतं. ८४ दिवसांचा दीड जीबीचा प्लॅन ७९९ ला आणि २ जीबीचा ८५९ ला आहे. फरक ६० रुपयांचा, म्हणजे दिवसाला ७१ पैसे. फोन फाइव्ह-जीचा असेल आणि तुम्ही दिवसाचा बराच वेळ असता तिथे फाइव्ह-जी खरंच येत असेल, तर हे ६० रुपये जरूर द्यावेत. येत असेल म्हणजे काय, तर घरातल्या आतल्या खोलीत, दार लावून, फोनच्या वरच्या पट्टीत 5G दिसलं पाहिजे. फोन फोर-जीवर घसरला की वापर पुन्हा २ जीबीच्या कोट्यातून कापला जातो.

दुसरा मुद्दा: वर्षाचा प्लॅन

इथे दिवसदर काढला की चित्रच पालटतं. ३,५९९ रुपयांचा ३६५ दिवसांचा प्लॅन रोज अडीच जीबी देतो. दिवसाला ९ रुपये ८६ पैसे. ७९९ चा ८४ दिवसांचा दीड जीबीचा प्लॅन पडतो दिवसाला ९ रुपये ५१ पैसे. दीड जीबी पुरणाऱ्याला तीन महिन्यांचाच स्वस्त आहे, आणि वर्षाचे पैसे आधी अडकतही नाहीत. अडीच जीबी रोज लागतो त्याच्यासाठी वर्षाचा प्लॅन चांगला आहे, यात वाद नाही.

खरी गळती २८ दिवसांच्या प्लॅनमध्ये आहे. आपण त्याला ‘महिन्याचा’ म्हणतो, पण वर्षात तो बारा नव्हे, तेरा वेळा मारावा लागतो. २९९ चे तेरा रिचार्ज म्हणजे ३,८८७ रुपये. तोच दीड जीबी ८४ दिवसांच्या प्लॅनने वर्षाला ३,४७२ च्या आसपास येतो. चारशेहून अधिक रुपये वाचतात, आणि एक एमबीही कमी होत नाही.

वर्षाच्या प्लॅनच्या बाजूने एक गोष्ट आहे: मध्येच दर वाढले तरी मुदत संपेपर्यंत तुम्हाला झळ लागत नाही. जुलै २०२४ च्या आधी ज्यांनी लांब मुदतीचे रिचार्ज करून ठेवले, त्यांना हा फायदा मिळाला. पण उलट बाजूही आहे. भाड्याचं घर बदललं, नव्या ठिकाणी त्या कंपनीचं नेटवर्क येईना आणि नंबर पोर्ट करायची वेळ आली, तर प्रीपेडची उरलेली मुदत नव्या कंपनीत जात नाही, ती बुडते. बदलीची नोकरी असलेल्याने, किंवा होस्टेलवर जाणाऱ्या मुलाने म्हणूनच वर्षाचे पैसे एकदम भरू नयेत.

तिसरा मुद्दा: वायफाय घ्या, मोबाईल डेटा बंद करा

हा सल्ला सगळ्यात जास्त लोक पाळतात आणि नुकसानही यातच होतं. आधी किंमत. मोबाईलच्या प्रीपेड रिचार्जमध्ये कर धरलेला असतो, २९९ म्हणजे २९९. ब्रॉडबँडच्या जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. ३९९ चं बिल ४७१ रुपये येतं. राउटरची अनामत किंवा जोडणीचे पैसे असतील तर ते निराळेच.

आता एक घर धरू: आजी, आई, बाबा आणि कॉलेजात जाणारी मुलगी. चौघांचेही ३४९ चे रिचार्ज चालू आहेत. सगळे हिशोब ३० दिवसांवर आणले तर आजचा खर्च १,४९६ रुपये.

मेसेजप्रमाणे वागलं तर? दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलल्यापासून कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन द्यावे लागतात. जिओचा असा प्लॅन ८४ दिवसांना ४४८ रुपये, दिवसाला ५ रुपये ३३ पैसे. चौघांचे ३० दिवसांचे ६४० आणि वायफायचे ४७१, मिळून १,१११ रुपये. वाचले ३८५. निम्मं तर झालं नाहीच. शिवाय बाबांना बसमध्ये, मुलीला कॉलेजात आणि आईला भाजीवाल्याला यूपीआयने पैसे देताना नेट नाही. वीज गेली की राउटर बंद, आणि घरातल्या चारही फोनवर नेट नाही.

वायफाय न घेता फक्त रिचार्ज नीट केले तर काय होतं ते बघा. आजी, आई, बाबा तिघांना ७९९ चा प्लॅन, मुलीचा फोन फाइव्ह-जी म्हणून तिला ८५९ चा. ३० दिवसांचा खर्च १,१६३ रुपये. म्हणजे सगळ्यांचा बाहेरचा डेटा तोडून मेसेजवाल्याने जास्तीचे वाचवले ते अवघे ५२ रुपये.

तिसरा पर्याय म्हणजे वायफाय घ्यायचं आणि प्रत्येकाचा प्लॅन त्याच्या बाहेरच्या वापराइतका ठेवायचा. आजी घरातच असतात, त्यांना ४४८ चा कॉलिंगचा प्लॅन उत्तम. आईला बाहेर व्हॉट्सॲप आणि यूपीआयपुरतं नेट लागतं, तिला १८९ चा. बाबांना ७९९, मुलीला ८५९. मोबाईलचे ९५५, वायफायचे ४७१, एकूण १,४२६. जुन्या खर्चापेक्षा ७० रुपये कमी, पण वायफायविना घरापेक्षा २६३ रुपये जास्त.

या घरात ब्रॉडबँड बिल कमी करत नाही, ही गोष्ट स्वच्छ आहे. ते घ्यायचं कारण दुसरं असतं: कोणी घरून लॅपटॉपवर काम करतं, टीव्ही नेटवर चालतो, घरात फाइव्ह-जी पोचत नाही. अशा घरात २६३ रुपये मुळीच जास्त नाहीत. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या माहितीप्रमाणे एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागतो. संध्याकाळी दोन तास टीव्ही बघणाऱ्या घराला मोबाईलचा कोणताही रोजचा कोटा पुरणार नाही.

ब्रॉडबँड घ्यायचंच ठरलं तर त्यात डेटाची तुलना करत बसू नका. फायबरच्या बऱ्याच प्लॅनला महिन्याची मर्यादा ३,३०० जीबी असते. तासाला ३ जीबीने टीव्ही महिनाभर अहोरात्र चालू ठेवला तरी ती संपत नाही. तारेविना येणाऱ्या एअरफायबरला मर्यादा बरीच कमी, जिओची १,००० जीबी आहे, तरी साध्या घराला तीही खूप झाली. पाहायचा तो वेग आणि करासकट बिल. एक टीव्ही, एक लॅपटॉप आणि तीन-चार फोन यांना ३० एमबीपीएस पुरतो. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरायचा आग्रह होतो, पण शक्य असेल तर पहिला महिना एका महिन्याच्याच बिलावर काढा आणि रात्री नऊ-दहाच्या सुमारास, सगळी इमारत नेटवर असते तेव्हा, वेग तपासा.

राहिला ८४ दिवसांच्या प्लॅनचा एक खरा त्रास. चौघांचे रिचार्ज एकाच दिवशी आले तर ३,२५६ रुपये एकदम काढावे लागतात. म्हणून पहिल्या खेपेला मुद्दाम वेगळे करा: या महिन्यात दोघांना ८४ दिवसांवर न्या, बाकी दोघांचा एकेक रिचार्ज २८ दिवसांचाच मारा, आणि तो संपला की त्यांना न्या. मग एका वेळी दोनच रिचार्ज येतात.

इतर कंपन्यांचे प्लॅन शेजारी ठेवून बघायचे असतील तर ट्रायचं tariff.trai.gov.in हे संकेतस्थळ आहे. तिथे विभाग नीट निवडा, कारण दूरसंचाराच्या नकाशात मुंबई वेगळी आहे आणि गोवा महाराष्ट्रात धरलेला आहे.