‘पन्नास हजारांपर्यंत जीएसटी नाही’ हे अर्धंच वाक्य आहे

“सर्व व्यापारी मित्रांसाठी: १) कर्मचाऱ्याला वर्षाला ५० हजारांपर्यंतची भेट जीएसटीमुक्त आहे, म्हणून खरेदीच्या बिलावरचं क्रेडिट बिनधास्त घ्या. २) ५० हजारांच्या वर गेलात की दुहेरी कर बसतो. ३) सँपल फुकट दिलं म्हणजे विक्री नाही, म्हणून करही नाही आणि क्रेडिटही आपलंच. ४) दुकानातला माल घरी नेला तर तो आपलाच माल, त्यात जीएसटी कुठून आला? सगळ्यांना पाठवा.”

दिवाळीच्या सुमारास हा मेसेज व्यापाऱ्यांच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतो. त्यातला पहिला मुद्दा सगळ्यात धोकादायक आहे, कारण त्याचा पूर्वार्ध खरा आहे आणि नुकसान उत्तरार्ध करतो. म्हणून त्यावरच जरा जास्त बोलतो.

मुद्दा एक. जीएसटीत कुठलीही वस्तू फुकट दिली की दोन वेगळे प्रश्न उभे राहतात. देताना कर भरायचा का, हा पहिला. घेताना भरलेल्या कराचं क्रेडिट मिळणार का, म्हणजे तो कर आपण भरायच्या करातून वजा करता येणार का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं म्हणून दुसऱ्याचं आपोआप ‘हो’ होत नाही. बहुतेक वेळा उलटंच होतं: पुढे कर नाही, तर मागचं क्रेडिटही नाही.

५० हजारांची मर्यादा केंद्रीय जीएसटी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मालक आणि कर्मचारी यांना हा कायदा एकमेकांशी ‘संबंधित व्यक्ती’ मानतो आणि अशा व्यक्तींमधला धंद्याच्या ओघातला व्यवहार फुकट असला तरी तो पुरवठा, म्हणजे कर लागणारा व्यवहार, धरला जातो. त्याला एक अपवाद दिला आहे: एका आर्थिक वर्षात मालकाने एका कर्मचाऱ्याला दिलेल्या ५० हजारांपर्यंतच्या भेटी पुरवठा मानायच्या नाहीत. अपवाद एवढाच, आणि त्यात क्रेडिटबद्दल एक अक्षरही नाही. क्रेडिटचं उत्तर कलम १७(५) मध्ये आहे. तिथल्या ‘ज’ खंडात, म्हणजे इंग्रजी प्रतीतल्या (h) मध्ये, हरवलेला, चोरीला गेलेला, नष्ट झालेला, हिशेबातून काढून टाकलेला आणि भेट किंवा मोफत नमुना म्हणून दिलेला माल एकाच ओळीत बसवला आहे. या सगळ्यांचं क्रेडिट बंद.

आकड्यांत बघू. एका कारखान्यात ४० कामगार आहेत. मालकाने दिवाळीला प्रत्येकाला ३,००० रुपयांचा मिक्सर दिला. १८ टक्क्यांनी एका मिक्सरवर ५४० रुपये कर, म्हणजे बिल १,२०,००० अधिक जीएसटी २१,६००. एका कामगाराची भेट ५० हजारांच्या कितीतरी आत आहे, त्यामुळे मिक्सर वाटताना एक रुपयाही कर भरायचा नाही. इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण दुकानदाराने बिल अपलोड केलं की हे २१,६०० रुपये GSTR-2B या पोर्टलने बनवलेल्या क्रेडिटच्या यादीत दिसतात, तिथून आपण भरायच्या GSTR-3B या विवरणपत्रात येतात, आणि कुणी थांबवलं नाही तर क्रेडिट लेजरमध्ये जमा होतात. पोर्टलला तो मिक्सर विकायला घेतला की वाटायला, हे कळत नाही. ते आपणच सांगायचं असतं. त्यासाठी GSTR-3B च्या तक्ता ४(B)(1) मध्ये ती रक्कम उलटवायची, आणि वह्यांत ते २१,६०० दिवाळी खर्चातच मिळवायचे. खर्च १,२०,००० नाही, १,४१,६०० झाला.

हे पकडलं कसं जातं? अगदी साध्या रीतीने. ऑडिटला आलेला अधिकारी ‘स्टाफ वेल्फेअर’, ‘दिवाळी खर्च’ आणि ‘सेल्स प्रमोशन’ ही तीन खाती उघडतो. तिथे मिक्सर, सुकामेवा, घड्याळं दिसली की त्या बिलांचं क्रेडिट घेतलंय का, एवढंच तो तपासतो. खर्चात करासह रक्कम टाकली असेल तर विषय तिथेच संपतो. कराशिवाय टाकली असेल तर क्रेडिट घेतल्याचा पुरावा आपल्याच वहीत असतो.

दिलेली प्रत्येक वस्तू मात्र भेट नसते. गणवेश, सुरक्षेचे बूट, कामाची हत्यारं ही कामासाठी दिलेली साधनं आहेत, त्यांना १७(५)(h) लावायचं कारण नाही. नेमणूकपत्रात ठरलेल्या सुविधाही भेट नाहीत. करारानुसार मालकाने दिलेल्या अशा सुविधांवर जीएसटी लागत नाही, हे ६ जुलै २०२२ च्या परिपत्रक १७२ मध्ये स्पष्ट केलं आहे. भेट कशाला म्हणायचं ते कायद्यात लिहिलेलं नाही, पण सरकारने १० जुलै २०१७ च्या पत्रकात कसोटी दिली होती: भेट स्वेच्छेची आणि प्रसंगोपात्त असते, कर्मचारी ती हक्काने मागू शकत नाही किंवा तिच्यासाठी कोर्टात जाऊ शकत नाही. माझ्या मते ही कसोटी फार उपयोगाची आहे. शंका आली की नेमणूकपत्र काढून बघा. आणि रोख बोनस दिला असेल तर हा प्रश्नच येत नाही, कारण जीएसटीत पैसा हा माल नाही आणि सेवाही नाही.

मुद्दा दोन. ‘दुहेरी कर’ या भीतीने काही जण मॅनेजरला द्यायची भेट मुद्दाम दोन बिलांत तोडतात किंवा दुसऱ्याच्या नावाने दाखवतात. त्याची गरज नाही, कारण दुहेरी कर बसतच नाही. ४५,००० रुपयांचा टीव्ही घेतलात, १८ टक्क्यांनी ८,१०० कर दिलात आणि तो मॅनेजरला दिलात. पुढे कर नाही, क्रेडिट नाही, खर्च ५३,१००. आता ६०,००० चा टीव्ही घ्या. कर १०,८००. ही भेट मर्यादेबाहेर गेली, म्हणून पुरवठा झाली आणि तिच्यावर १०,८०० कर भरायचा. पण पुरवठा झाली म्हणूनच आता खरेदीवरचं १०,८०० क्रेडिट मिळतं. ७ मार्च २०१९ च्या परिपत्रक ९२ मध्ये हे सरळ लिहिलं आहे: भेट किंवा नमुना पहिल्या अनुसूचीमुळे पुरवठा ठरत असेल, तर क्रेडिट घेता येतं. एकूण खर्च ७०,८००. दोन्हीकडे कर एकदाच गेला.

फरक पडतो तो स्वतः बनवलेल्या मालात. समजा तुमचा फर्निचरचा कारखाना आहे आणि बाजारात ६०,००० ला जाणारा सोफा तुम्ही मॅनेजरला दिलात. त्यात कच्चा माल ३०,००० चा, त्यावरचं क्रेडिट ५,४००. संबंधित व्यक्तीला दिलेल्या मालाची किंमत नियम २८ प्रमाणे बाजारभावाने धरायची असते, म्हणून कर १०,८००, त्यातून क्रेडिट वजा जाता खिशातून ५,४०० जास्त. तोच सोफा ४८,००० चा असता तर फक्त आत गेलेल्या मालाचं क्रेडिट सोडावं लागलं असतं. उत्पादकाने मर्यादा जपावी, याला असा अर्थ आहे. विकत आणून देणाऱ्याला मर्यादेच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, कराचा भार तेवढाच.

दोन गोष्टी सांभाळा. मर्यादा माणशी आणि आर्थिक वर्षाची आहे. दिवाळीला ३०,००० चा फोन आणि मार्चमध्ये २५,००० चं घड्याळ म्हणजे ५५,०००. म्हणून नावनिशी एक वही ठेवा. आणि मर्यादा ओलांडली की फक्त वरच्या ५,००० वर कर, असा हिशेब करू नका. ‘पहिले ५० हजार वजा करा’ असं कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही. पूर्ण रक्कम धरून चालणंच सुरक्षित.

मुद्दा तीन. सँपलवर कर नाही, हे खरं. पण तो नाही म्हणूनच क्रेडिट जातं. वर सांगितलेलं परिपत्रक ९२ नमुन्यांबद्दलही आहे. औषध कंपनी डॉक्टरांना ज्या पट्ट्या फुकट देते, त्यांत गेलेला कच्चा माल, पॅकिंग, त्या प्रमाणात वापरलेल्या सेवा आणि यंत्रं, या सगळ्यांवरचं क्रेडिट सोडावं लागतं. इथे लोक दुसऱ्या बाजूलाही चुकतात: नमुन्याच्या विक्री किमतीवर टक्के लावून रक्कम काढतात आणि नको तेवढं क्रेडिट सोडून बसतात. उलटवायचा तो आत येताना लागलेला कर. बाहेर जाताना लागला असता तो कर इथे बघायचाच नाही.

‘एकावर एक मोफत’ ही योजना मात्र नमुना नाही. तिथे ग्राहक एका किमतीत दोन वस्तू विकत घेतो, आणि त्याच परिपत्रकात तिचं क्रेडिट मान्य केलं आहे. म्हणून बिलावर दोन्ही नग दाखवा. दुसरा नग बिलाबाहेर गेला की स्टॉक जुळवताना तो फुकट वाटलेल्या मालासारखाच दिसतो.

मुद्दा चार. माल तुमचा आहे यावर वाद नाही. पण त्याचं क्रेडिट तुम्ही धंद्यासाठी आणला म्हणून घेतलंय. कलम १७(५) च्या (g) खंडात वैयक्तिक वापरासाठी गेलेल्या मालाचं क्रेडिट बंद आहे. तुमचं एकट्याच्या मालकीचं दुकान असेल आणि २,००० चा पंखा घरी लावला, तर ३६० रुपये क्रेडिट उलटवा आणि स्टॉकमधून पंखा काढून स्वतःच्या उचल खात्यात टाका. स्वतःच्या नावाने विक्रीबिल फाडण्याची गरज नाही. दुकानातला वापरलेला संगणक कायमचा घरी नेला तर गोष्ट वेगळी: क्रेडिट घेतलेली धंद्याची मालमत्ता कायमची दुसरीकडे दिली की ती पहिल्या अनुसूचीच्या पहिल्याच कलमाने पुरवठा होते, आणि तिथे करच भरावा लागतो. काही काम धंद्याचं, काही घरचं, असा वापर असेल तर कलम १७(१) प्रमाणे धंद्याच्या भागापुरतंच क्रेडिट.

हा मेसेज वाचून आधीच क्रेडिट घेतलं असेल तर पुढच्या GSTR-3B मध्ये ते ४(B)(1) ला उलटवा. व्याज लागेलच असं नाही. ते चुकीचं क्रेडिट घेतलं आणि वापरलं, तरच लागतं. क्रेडिट लेजरमधली शिल्लक त्या काळात चुकीच्या रकमेच्या खाली एकदाही गेली नसेल, तर व्याज शून्य. गेली असेल, तर त्या तारखेपासून, जेवढी खाली गेली तेवढ्या रकमेवर, वार्षिक १८ टक्के.