भिशी नाही हो, नाही!

परवा शनिवारी हॉटेलात पाय ठेवला, तर गल्ल्यावरचे मालक अख्ख्या हॉटेलला ऐकू जाईल अशा आवाजात पोऱ्याला म्हणाले, "भिशीवाले सायब आले रे, आतलं टेबल पूस!" चार माणसांनी माना वळवल्या. त्यात माझा एक क्लायंट होता, वर्षभराची फी थकवलेला. हा भिशी चालवतो म्हणजे याला पैशाची काय कमी, हे त्याच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ वाचता आलं.

भिशी नाही. आम्ही कराडातले दुसऱ्यांची टॅक्स रिटर्नं भरणारे लोक महिन्यातून एकदा भेटतो, एवढंच. एरवी आमची आठवण एकमेकांना पोर्टल बंद पडल्यावरच येते. दिवस ठरवतानाच निम्मा जीव गेला. ७ तारखेला टीडीएसचा भरणा, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ, २० ला जीएसटीआर-३बी, सगळ्या भरायच्या शेवटच्या तारखा. उरला शेवटचा शनिवार. जुलै आणि सप्टेंबर वगळायचे, कारण त्या महिनाअखेरीला आमच्या घरचेही आम्हाला भेटू शकत नाहीत. ग्रुपवरच्या अंगठ्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा दुसरा धडा. पंधरा अंगठे आले की सात माणसं येतात. पण सातच बरी. दहाच्या वर गेली की दोघं बोलतात आणि बाकीचे मोबाईल बघतात.

हे सगळं मी मालकांना समजावलं. चहा गार होईपर्यंत.

"मग पैसे कुणाला लागतात?"

"कुणालाच नाही. पैसे गोळाच करत नाही आम्ही."

"बरं, बरं." त्यांनी डोळा बारीक केला. "म्हंजे चेनचं हाय. पावडरी इकायच्या."

"नाही हो. गप्पा मारतो. एकमेकांची ओळख करून देतो."

"वळख करून देता? त्याचं किती घेता?"

"काही नाही."

मालकांनी गल्ला बंद केला. इतकं गंभीर काहीतरी चाललंय हे त्यांना आत्ताच कळलं होतं. "वैनींना म्हाईत हाय?"

आता ओळख करून देणं म्हणजे काय, हे त्या माणसाला कसं सांगणार? मे महिन्यातली गोष्ट. आमच्यातल्या एकाचा क्लायंट, गुळाचा व्यापारी. सलग सहा महिने रिटर्न भरलं नाही म्हणून त्याचा जीएसटी नंबर रद्द झाला होता. आदेश मिळाल्यापासून ९० दिवसांत नंबर पुन्हा चालू करायचा अर्ज करावा लागतो, आणि त्याआधी थकलेली सगळी रिटर्नं व्याज-लेट फीसकट भरावी लागतात. आमच्या गड्याने असलं काम कधी केलं नव्हतं. दिवस मात्र निम्मे संपले होते. त्याच टेबलावर असली प्रकरणं रोज करणारा बसला होता, आणि दोघं शेजारी बसून सामोसे खात हवामानावर बोलत होते!

मी लगेच दोघांची गाठ घालून दिली नाही. आधी करणाऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, वेळ आहे का, फी घेणार का. तो हो म्हणाल्यावरच दुसऱ्याला त्याचा नंबर दिला. हे उलटं केलं की एकाला भीड पडते आणि पुढच्या शनिवारी त्याला हमखास ताप येतो. मग दोघांना मिळून दोन ओळींचा मेसेज: याचं काम काय, त्याला काय येतं, आदेशाची तारीख कुठली. आणि आपण बाजूला. मध्ये बसून राहिलं की दोघंही आपल्यालाच फोन करतात, "जरा त्यांना विचारा ना."

नंबर चालू झाला. व्यापाऱ्याने दोघांना जेवायला बोलावलं. मला ते त्यांच्या स्टेटसवरून कळलं. फोटोत आमरसाची वाटी होती.

जाऊ दे. लोकांना आता मी ओळखी असलेला माणूस वाटतो, म्हणजे रात्री दहाला प्लंबरचा नंबर, बोअरवाला, भाचीसाठी स्थळ. कुणी "तुमचं काय चाललंय?" असं विचारत नाही.

तर मालक. वैनींची काळजी मिटल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हंजे तुम्ही सगळे टॅक्सवाले? मग आमचं हॉटेलाचं बघायला तुमच्यातलाच एक द्या की. स्वस्तातला."

मी सरसावून बसलो. "अहो, मी—"

"तुम्ही नगं. तुमचा समदा येळ वळखी करण्यात जातुया."

नियमाप्रमाणे मी दोन्हीकडे विचारलं. छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटी कॉम्पोझिशन योजनेचं सोपं काम, तीन महिन्यांनी एकदा सीएमपी-०८ फॉर्म भरायचा, तेही १८ तारखेपर्यंत. आमच्यातल्या सगळ्यात नव्या पोराला मिळालं. त्याला आता तिथे चहा फुकट आहे. माझ्या बिलात मात्र परवाही जास्तीच्या पावाचे पैसे वेगळे लावले होते.