समीकरणं सुटतात, मिश्रण सुटतंच असं नाही

«दोन घनांचं मिश्रण वेगळं करायची गरजच नाही. एकूण वजन घ्या, तापवून उरलेल्याचं वजन घ्या. दोन अज्ञात, दोन समीकरणं, उत्तर अचूकच येणार.»

गणित बरोबर आहे, «अचूकच» चूक आहे. कॅल्शियम कार्बोनेट (x) आणि मॅग्नेशियम कार्बोनेट (y) यांचं १.०००० ग्रॅम मिश्रण ९५० अंशांवर स्थिर वजन येईपर्यंत तापवलं आणि ऑक्साइडं ०.५३०० ग्रॅम उरली, असं धरू. एक ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमागे ०.५६०३ ग्रॅम आणि एक ग्रॅम मॅग्नेशियम कार्बोनेटमागे ०.४७८० ग्रॅम ऑक्साइड उरतं.

x + y = १.००००
०.५६०३x + ०.४७८०y = ०.५३००

दुसऱ्या समीकरणातून पहिल्याची ०.४७८० पट वजा केली की ०.०८२३x = ०.०५२० उरतं, म्हणजे x = ०.६३२ ग्रॅम. आता तो ०.०८२३ नीट पाहा. भागाकार त्याने होतो, म्हणून उरलेल्या वजनातली १ मिलिग्रॅमची चूक x मध्ये १२ मिलिग्रॅमची होते. घाईत ५६/१०० आणि ४०/८४ हे गुणोत्तर वापरलं, तर वजनं तीच असूनही x ०.६४२ येतो. निव्वळ अणुभार पूर्णांकात घेतल्याने एक टक्का सरकला!

भट्टीतल्या चुका तर एकाच बाजूला ओढतात. तापमान ७५० च्या आसपासच राहिलं तर मॅग्नेशियमचा भाग विघटित होतो, पण कॅल्शियमचा थोडा कार्बोनेटच राहतो. क्रूसिबल डेसिकेटरमध्ये निवायला न ठेवता बाहेर राहिलं, तर चुना हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढतो. ठाण्या-बेलापूरच्या पावसाळ्यात हे बॅलन्सवर आकडा हळूहळू चढताना दिसतं. दोन्ही वेळी वजन जास्त येतं आणि कॅल्शियम फुगतं.

सगळ्यात घातक म्हणजे तिसरा घटक. वरच्याच मिश्रणात २ टक्के वाळू असेल तर उरतील ०.५३९४ ग्रॅम. समीकरणं कॅल्शियम कार्बोनेट ७४.६ टक्के सांगतील, असेल मात्र ६१.९. उरलेलं वजन ०.४७८० ते ०.५६०३ या हद्दीत बसत असल्यामुळे शंकाही येत नाही. हद्दीबाहेर गेलं तरच तिसरं काहीतरी आहे किंवा तापवणं अपुरं राहिलं, हे कळतं. म्हणून खनिजाच्या पुडीसाठी ही रीत एकटी वापरू नका. आधी आम्लात न विरघळणारा भाग गाळून तोला आणि कॅल्शियमसाठी ईडीटीएचं टायट्रेशन करा.

रीत सगळीकडे टाकाऊ नाही. खाण्याचा सोडा आणि निर्जल धुण्याचा सोडा यांच्या कोरड्या मिश्रणात गुणांक ०.६३१ आणि १ असतात. फरक ०.३६९, म्हणजे १ मिलिग्रॅमच्या चुकीचे जेमतेम २.७ होतात. समीकरण मांडण्याआधी दोन गुणांकांची वजाबाकी करून पाहा, ती ०.१ च्या खाली असेल तर दुसरी रीत धरा.